लस झाली, पण टायटर किती? डायलिसिसवरच्या एका काकांची नोंद

इथे ज्यांची हकिगत आहे त्या काकांचं वय 58, मधुमेह जुना, गाव सांगली जिल्ह्यातलं, किराण्याचं दुकान. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि एक-दोन गोष्टी दुसऱ्या रुग्णांच्या फायलींमधून घेतल्या आहेत. डोस, तपासण्या आणि त्यावर घेतलेले निर्णय मात्र आमच्या युनिटमध्ये जसे चालतात तसेच आहेत. मी तिथे सिस्टर आहे. लसीकरणाची वही माझ्याकडे असते.

2021च्या नोव्हेंबरात काकांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. सुरुवातीला मानेतल्या कॅथेटरवरून, कारण डाव्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, नुकताच केला होता आणि तो वापरण्याजोगा व्हायला वेळ होता. फाइल उघडली तर मुलगा आधीच म्हणाला, “सिस्टर, कावीळ बीची लस झालीय बाबांची. तिन्ही इंजेक्शनं.” कार्डही होतं. त्यावर तीन तारखा, प्रत्येकीपुढे 1 मिली, म्हणजे 20 मायक्रोग्रॅम. काकांना विचारलं, इंजेक्शन कुठे दिलं होतं? त्यांनी कमरेवर हात ठेवला.

या तीन ओळींत दोन गोष्टी चुकलेल्या आहेत, आणि दोन्ही चुका महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात दिसतील अशा. पहिली जागेची. हेपटायटिस बीची लस मोठ्या माणसाला दंडाच्या वरच्या स्नायूत, डेल्टॉइडमध्येच द्यायची. कमरेत दिली की ती बहुतेकदा स्नायूपर्यंत पोचतच नाही, चरबीत राहते आणि अँटीबॉडी कमी तयार होतात. म्हणून कमरेत दिलेला डोस, अँटीबॉडी पुरेशा आल्याचं तपासणीत दिसल्याशिवाय, डोस म्हणून धरत नाहीत. दुसरी चूक मात्रेची. 20 मायक्रोग्रॅम ही धडधाकट प्रौढाची मात्रा आहे. डायलिसिसवरच्या माणसाला आपल्याकडे मिळणाऱ्या 20 मायक्रोग्रॅमच्या लशींपैकी एकेका वेळी 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे 2 मिली द्यावी लागते, आणि तीनऐवजी चार वेळा: सुरुवातीला, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

सगळे याला ‘डबल डोस’ म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण हे डबल कंपनीवर ठरतं. अमेरिकेत एका कंपनीची प्रौढांची लस 10 मायक्रोग्रॅमची असते आणि तिचीच डायलिसिससाठीची वेगळी कुपी 40ची, ती तीनदाच देतात. म्हणून माझ्या वहीत ‘डबल’ असं लिहायला मनाई आहे. मायक्रोग्रॅम लिहायचे, मिली लिहायचे, कोणता दंड तेही लिहायचं.

लगेच लस टोचली नाही. आधी तीन तपासण्या पाठवल्या. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन रक्तात आहे का. टोटल अँटी-एचबीसी, म्हणजे हा विषाणू आयुष्यात कधी शरीरात येऊन गेला का. आणि अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडी किती आहेत; हा आकडा म्हणजेच टायटर. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या नावांची इतकी गल्लत होते की फॉर्मवर मी तिसऱ्यापुढे ‘टायटर, आकड्यात’ असं हाताने लिहिते. नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा अँटी-एचबीएसचा रिपोर्ट आमच्या काही उपयोगाचा नसतो, आणि घरच्यांच्या हातात तो पडला तर ते कावीळ झाली समजून घाबरतात.

काकांचे पहिले दोन निगेटिव्ह आले. टायटर आला 3.1. संरक्षणाची सीमारेषा 10 आहे, एकक मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट दर मिलीमागे. थोडक्यात, तीन इंजेक्शनं घेऊनही काका उघडेच होते.

मुलाचा प्रश्न रास्त होता: “मग एक जास्तीचा घ्यायचा का?” नाही. डॉक्टरांनी पूर्ण कोर्स पहिल्यापासून धरला. आधीचे डोस बरोबर जागी आणि बरोबर मात्रेत गेले असते आणि तरी टायटर 3 राहिला असता, तर आम्ही त्यांना लसीला प्रतिसाद न देणारे म्हटलं असतं. इथे लसीची परीक्षाच झाली नव्हती.

आता जास्त मात्रा का लागते ते सांगते, कारण ‘किडनी खराब आहे म्हणून’ एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. लशीत विषाणू नसतो, यीस्टमध्ये बनवलेलं त्याच्या आवरणाचं प्रथिन असतं. ते शरीरातल्या काही पेशींनी उचलायचं, टी-पेशींना दाखवायचं, टी-पेशींनी बी-पेशींना हुकूम द्यायचा आणि मग बी-पेशींनी अँटीबॉडी करायच्या. किडनी निकामी झाल्यावर रक्तात जे साचतं त्याने या साखळीतला मधला दुवा मंदावतो: प्रथिन दाखवणाऱ्या पेशी आणि टी-पेशी यांच्यातला संवाद नीट होत नाही. बी-पेशींची संख्याही घटलेली असते. डायलिसिसने युरिया, पोटॅशियम उतरतं, पण हा बिघाड पुरता भरून येत नाही. त्यात वय, मधुमेह आणि खालावलेलं पोषण यांची भर. काकांच्या बाबतीत हे तिन्ही होतं, रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन कमी, 3च्या आसपास. निरोगी तरुणांत नेहमीच्या तीन डोसांनी शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना संरक्षण मिळतं. डायलिसिसवर मोठी मात्रा देऊनही साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश लोकांनाच मिळतं. प्रथिन जास्त दिलं, जास्त वेळा दिलं, तर मंद झालेली साखळी हलण्याची शक्यता वाढते. मोठ्या मात्रेमागे एवढाच हिशेब आहे, आणि तो प्रत्येकाच्या बाबतीत जुळतोच असं नाही.

म्हणूनच किडनीचा आजार कळल्यावर, डायलिसिस लागण्याआधीच लस उरकावी असं डॉक्टर सांगतात. तेव्हा शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं. काकांच्या गावातल्या डॉक्टरांनी वेळ बरोबर साधली होती, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

पहिला डोस 2022च्या 4 जानेवारीला, मंगळवारी दिला. 2 मिली एका जागी टोचत नाही. इतरांना 1 मिली या दंडात, 1 मिली त्या दंडात असं देता येतं. काकांच्या डाव्या हातात फिस्टुला, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टासुद्धा लावत नाही, तर सुई लांबच. म्हणून दोन्ही इंजेक्शनं उजव्या डेल्टॉइडमध्ये, एकमेकांपासून इंचभर अंतरावर. कुपी आधी हलवून घ्यायची, तळाशी पांढरा थर बसलेला असतो तो एकसारखा मिसळला पाहिजे. हा थर ॲल्युमिनियमच्या क्षाराचा, प्रथिन त्याला चिकटलेलं असतं. कुपी कधी गोठली असेल तर ती सरळ फेकायची, कारण गोठल्यावर हे मिश्रण फाटतं आणि लस निकामी होते. आमच्या फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत ठेवतात आणि कुपी मागच्या भिंतीला टेकवत नाहीत ते यासाठी.

वेळही ठरलेली: मशीनला लावण्याआधी. रक्त गोठू न देणारं हेपारिन गेल्यानंतर स्नायूत सुई खुपसली तर दंड काळानिळा होतो. काका एकदा सुई झाल्यावर म्हणाले, “सिस्टर, एवढ्या जाड सुया हाताला लावता, त्यापुढे ही काय.” तरी दोन मिनिटं कापूस दाबून धरायला लावला.

दुसरा डोस 1 फेब्रुवारीला, तिसरा 1 मार्चला. इथवर सरळ चाललं होतं.

ज्यांना अजून संरक्षण नाही अशा रुग्णांची एचबीएसएजी तपासणी आम्ही दर महिन्याला करतो. 4 मार्चच्या शुक्रवारी काकांचं रक्त नेहमीच्या मासिक नमुन्यांबरोबर गेलं. संध्याकाळी लॅबचा फोन: एचबीएसएजी रिॲक्टिव्ह. यंत्राची सीमा 1.0, काकांचा आकडा 1.8.

डायलिसिस युनिटमध्ये या रिपोर्टाने काय होतं ते बाहेरच्यांना सहज कळणार नाही. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो. रक्तात त्याचं प्रमाण इतकं प्रचंड असतं की डोळ्याला न दिसणारा डागही पुरतो. खुर्चीचा हात, मशीनचं बटण, न बदललेला हातमोजा, एकाच कुपीतून अनेकांना काढलेलं हेपारिन: जगभरातल्या युनिटांत साथी अशाच फैलावल्या. एडिनबर्गमध्ये 1969-70 साली अशा साथीत रुग्णांबरोबर कर्मचारीही गेले. त्यामुळे पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळी खोली, वेगळं मशीन, त्या शिफ्टला शक्यतो वेगळी सिस्टर. रिपोर्ट आला की नाव त्या यादीत जातं.

आणि तिथेच धोका होता. काका खरे पॉझिटिव्ह नसतील, तर अँटीबॉडी नसलेला माणूस आम्ही होऊन विषाणूच्या खोलीत नेऊन बसवणार होतो.

डॉक्टरांनी वही मागवली. तिसरा डोस कधी दिला? तीन दिवसांपूर्वी. लशीतलं प्रथिन म्हणजेच एचबीएसएजी. टोचल्यावर काही दिवस ते रक्तात फिरतं आणि आताच्या संवेदनशील तपासण्यांना ते सापडतं. लसीनंतर 18 दिवसांपर्यंत असा रिपोर्ट आल्याची नोंद आहे, आणि मोठी मात्रा घेणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांत हे जास्त दिसतं. लॅबने खात्रीची पुढची चाचणी करतो म्हटलं, पण तिचा इथे फारसा उपयोग नसतो. ती चाचणी सापडलेलं प्रथिन खरंच एचबीएसएजी आहे का एवढं सांगते, आणि ते खरंच असतं. फक्त ते विषाणूतून न येता कुपीतून आलेलं असतं.

म्हणून आयजीएम अँटी-एचबीसी आणि विषाणूचा डीएनए मोजणारी पीसीआर पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत काकांना पॉझिटिव्हच्या खोलीत नेलं नाही, पण इतरांमध्येही ठेवलं नाही. दिवसाच्या शेवटच्या शिफ्टला, कडेच्या मशीनवर घेतलं, आणि नंतर मशीन, खुर्ची, ट्रॉली सगळं निर्जंतुक केलं. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर बाकावर बसून सारखं एकच विचारत होत्या, “आम्हाला कुणी सांगत का नाही?” त्यांना सगळं सांगितलं. लस दिल्यावर लसच तपासणीत दिसू शकते, यावर त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. डोसाला चार आठवडे पूर्ण झाल्यावर एचबीएसएजी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. तेव्हापासून वहीत एक ओळ वाढली: डोस दिलेल्या रुग्णाचं एचबीएसएजी त्यानंतर चार आठवडे पाठवायचं नाही, मासिक नमुना डोसाच्या आधी, त्याच दिवशी काढायचा.

चौथा डोस जुलैच्या पहिल्या आठवड्यात होता. काका तेव्हा पायाच्या जखमेने दुसरीकडे ॲडमिट होते, म्हणून तो 2 ऑगस्टला झाला. “चुकला, आता परत सगळे?” अशी भीती त्यांना होती. उशीर झाल्याने कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही. राहिलेला डोस द्यायचा आणि तिथून पुढे मोजायचं.

टायटर शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांच्या आत बघायचा असतो. फार लवकर बघितला तर अँटीबॉडी अजून चढत असतात. फार उशिरा बघितला आणि तो 10च्या खाली निघाला, तर मुळात चढलाच नाही की चढून उतरला हे सांगता येत नाही, आणि पुढचा निर्णय या फरकावरच असतो. रक्त दिलं असेल तर त्याचीही नोंद हवी, कारण दात्याच्या अँटीबॉडी त्यातून येऊन आकडा काही काळ फुगवू शकतात. काकांना त्या काळात रक्त लागलं नव्हतं. सप्टेंबरच्या मध्याला टायटर आला 64.

मावशींनी पेढे आणले. काकांना मधुमेह, त्यांनी नुसते बघितले.

काका 10च्या खाली राहिले असते तर पूर्ण कोर्स आणखी एकदा, आणि पुन्हा टायटर. आमच्याकडे एक आजी अशा होत्या. दोन कोर्स झाले, आकडा 10 ओलांडेना. त्यानंतर आणखी डोस देत राहण्याने क्वचितच काही हाती लागतं. त्यांची एचबीएसएजी दर महिन्याला चालू राहिली, आणि कधी पॉझिटिव्ह रक्ताशी संपर्क आलाच तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, ताबडतोब आणि महिन्याने पुन्हा द्यायचं, असं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

काकांची मासिक तपासणी मात्र 64 आल्यावर बंद झाली. वर्षातून एकदा टायटर, एवढंच उरलं. यावर त्यांच्या मुलाने विचारलेला प्रश्न मला डॉक्टरांच्या मुलाखतीत विचारावा असा वाटला. तो स्वतः खाजगी लॅबमध्ये कामाला. “मला कामाला लागताना लस दिली. एकदा टायटर बघितला, चांगला आला, त्यानंतर कुणी विचारलं नाही. बाबांचा दरवर्षी का?”

त्याच्या शरीरात अँटीबॉडी कालांतराने 10च्या खाली गेल्या असतील, तरी आठवण ठेवणाऱ्या पेशी शाबूत असतात. हा विषाणू शरीरात शिरल्यावर आजार उभा राहायला दोन ते पाच महिने घेतो. तेवढ्यात त्या पेशी जाग्या होऊन भरपूर अँटीबॉडी करतात आणि विषाणू बसायच्या आत आवरतात. म्हणून निरोगी माणसात एकदा 10 ओलांडला की पुढे आकडा बघत नाहीत. डायलिसिसवरच्या माणसात या आठवणीवर विसंबता येत नाही. ज्यांना आधी प्रतिसाद आला होता पण टायटर 10च्या खाली उतरला, अशा डायलिसिस रुग्णांना संसर्ग झाल्याचं पाहिलेलं आहे. त्यांच्यासाठी रक्तात या क्षणी फिरणारी अँटीबॉडी हेच संरक्षण. आणि ती लवकर उतरते, कारण मुळात शिखरच कमी उंचीचं असतं. 64 वरून 10ला यायला वेळ लागत नाही.

शिवाय संसर्ग झाला तर तो कळतही नाही. निरोगी प्रौढाला बऱ्याचदा कावीळ होते, आणि शंभरातल्या पाचांहून कमी लोकांत विषाणू कायमचा राहतो. डायलिसिसवरच्या रुग्णाला पुष्कळदा ना डोळे पिवळे होतात ना ताप येतो. लिव्हरची एन्झाइम्स या रुग्णांत मुळात कमी असतात, त्यामुळे वाढली तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. आणि विषाणू कायमचा राहण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. असा माणूस न कळत युनिटमधला स्रोत होतो.

2023च्या सप्टेंबरात काकांचा टायटर आला 7.8. वर्षभरात 64 वरून इथे. मुलाने फोनवर विचारलं, लस वाया गेली का? नाही. एकदा 10 ओलांडलेल्या माणसाचा आकडा उतरला तर पूर्ण कोर्स लागत नाही, एक बूस्टर पुरतो, तोही 40 मायक्रोग्रॅमचाच. इथे गंमत अशी होते की बूस्टर म्हणून कुणीतरी सवयीने 1 मिली देऊन मोकळं होतं. फिस्टुला आता डाव्या हातात नीट चालत होता, म्हणून पुन्हा उजवा दंड, इंचभर अंतर, दोन मिली. बूस्टरनंतर लगेच पुन्हा टायटर बघितलाच पाहिजे असं नाही. बरेच डॉक्टर एक-दोन महिन्यांनी बघतात, आमचे वार्षिक तपासणीवर सोडतात. मला स्वतःला बघितलेलं आवडतं, पण त्याचा खर्च घरच्यांना पडतो. आमच्याकडच्या बहुतेकांचं डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, टायटरचे पैसे मात्र त्यांच्याच खिशातून जातात. त्यामुळे मी आग्रह धरला नाही.

7.8 आणि 10.5 यांत फार मोठा फरक आहे असं समजू नये, हेही सांगायला हवं. एकच नमुना दोन लॅबमध्ये पाठवला तर असा फरक सहज पडतो. म्हणून काकांचा टायटर दरवर्षी त्याच लॅबला जातो, आणि 11-12 असा काठावरचा आकडा आला तर डॉक्टर वर्षभर न थांबता लवकर बघतात.

2024च्या सप्टेंबरात आकडा आला 142. त्याच महिन्यात मावशींच्या किडनीची, त्यांच्याकडून प्रत्यारोपण होईल का याची, तपासणी सुरू झाली. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची लागतात आणि त्यानंतर लशीला प्रतिसाद आणखी कमी येतो. म्हणून प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी फाइलीतल्या बाकीच्या कागदांबरोबर टायटरचे सगळे आकडे तारखांसह मागितले. मी वहीतली पानं झेरॉक्स करून दिली: 3.1, 64, 7.8, 142, आणि प्रत्येक डोसापुढे मायक्रोग्रॅम, मिली, दंड.